किंमत आलेखांचे प्रकार

शेअर बाजारातील भाव दाखवण्यासाठी रेषा, बार आणि कँडलस्टिक हे तीन आलेख प्रामुख्याने वापरले जातात. दैनिक रेषा आलेख सामान्यतः फक्त बंद भाव जोडतो. बार आणि कँडलस्टिक आलेख मात्र दिवसाचे खुला, उच्चांकी, नीचांकी आणि बंद असे चारही भाव दाखवतात.

उदाहरणार्थ, लोकसभा निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, ४ जून २०२४ रोजी, मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स सुमारे ७६,२८६ अंशांवर उघडला, ७०,२३४ पर्यंत कोसळला आणि ७२,०७९ वर बंद झाला. रेषा आलेखात केवळ ७२,०७९ हा बिंदू उमटतो. त्याखालची सुमारे १,८४५ अंशांची घसरण दिसत नाही. बार आलेखात ती उभ्या रेघेच्या खालच्या टोकापर्यंत दिसते. रेघेच्या डावीकडील आडवी खूण खुला भाव, तर उजवीकडील बंद भाव दर्शवते. कँडलस्टिकमध्ये खुल्या व बंद भावांमधील भाग जाड असतो आणि खालची घसरण बारीक वातीसारखी दिसते.

कँडलस्टिकचा रंग बहुधा त्याच दिवसाच्या खुल्या व बंद भावांच्या तुलनेवरून ठरतो. त्यामुळे आदल्या दिवसापेक्षा भाव घसरूनही ती हिरवी असू शकते. उच्चांक आधी आला की नीचांक, हेही तिच्यावरून कळत नाही.

अनेक वर्षांचा कल पाहायचा असल्यास नवशिक्याने रेषा आलेख निवडावा. दिवसांतर्गत चढउतार अभ्यासायचे असल्यास कँडलस्टिक वाचण्यास सोपी पडते; बार आलेख तीच माहिती कमी जागेत देतो.