ताईंना नाताळच्या शुभेच्छा लिहिताना

एका गुड फ्रायडेला मी आमच्या टीममधल्या वसईच्या ताईंना 'हॅपी गुड फ्रायडे' असा निरोप पाठवला होता. नावात 'गुड' आहे, सुट्टीही आहे, म्हणजे सणच असणार असं मी धरून चाललो. पुढच्या आठवड्यात डबा खाताना ताईंनी हळूच सांगितलं, "अरे, तो येशूच्या मरणाचा दिवस. त्या दिवशी आमचा उपास असतो." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण मला फार वाईट वाटलं. म्हणून डिसेंबरात नाताळच्या शुभेच्छा लिहायला घेतल्या, तेव्हा आधी त्यांनाच दोन-चार गोष्टी विचारल्या.

'मेरी ख्रिसमस' म्हटलेलं त्यांना चालतं, पण त्यांच्या घरी शब्द आहे तो 'नाताळ'. हा शब्द पोर्तुगीजांच्या 'नाताल'वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थच जन्म. वसईवर १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं पोर्तुगीजांची सत्ता होती. ती गेली तरी शब्द आपल्या बोलण्यात राहिला. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाला मराठीत शुभेच्छा द्यायच्या तर यापेक्षा जवळचा शब्द नाही. मात्र 'समस्त ख्रिस्ती बांधवांना' ही चौकातल्या फलकाची भाषा रोज शेजारी बसणाऱ्या बाईला कशी वापरायची?

कधी पाठवायचं, यातही थोडं समजून घ्यायला हवं. नाताळच्या आधीचे चार रविवार हा आगमनकाळ, म्हणजे वाट पाहण्याचे, तयारीचे दिवस. खरा सण सुरू होतो २४ तारखेच्या रात्रीच्या मिस्सापासून, आणि तो पुढे तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीच्या आसपासपर्यंत चालतो. त्यामुळे २७ तारखेला दिलेल्या शुभेच्छाही शिळ्या होत नाहीत. घाई मात्र कधी कधी नडते. एकदा आम्ही २० डिसेंबरला ऑफिसात नाताळचं जेवण ठेवलं आणि मोठ्या हौसेने चिकन बिर्याणी मागवली. केरळचा आमचा एक सहकारी दही-भात खाऊन उठला. त्याच्या घरी १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवसांचा उपवास पाळतात, त्यात मांस वर्ज्य. सण त्याचा, आणि ताटातलं त्यालाच खाता येईना. एकाला विचारलं म्हणजे सगळ्या ख्रिस्ती मंडळींचं कळलं, असं नसतं.

आता मजकूर. माझा पहिला खर्डा असा होता: 'ख्रिसमस व नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा. सांताक्लॉज तुमच्या सर्व इच्छा पूर्ण करो.' वाचून पाहिल्यावर जाणवलं की यात ज्याचा जन्मदिवस त्याचंच नाव नाही, आणि नववर्ष जोडल्यामुळे नाताळ निम्माच उरलाय. दुसऱ्या खर्ड्यात सर्व धर्म एकच आहेत यावर पाच ओळी झाल्या. सणाच्या सकाळी ताईंनी हे प्रवचन कशाला वाचायचं? तेही खोडलं. शेवटी पाठवलं ते एवढंच:

'ताई, तुम्हाला, आईंना आणि मुलांना नाताळच्या मनापासून शुभेच्छा. येशूजन्माचा आनंद तुमच्या घरात भरून राहो. मुलांनी केलेला गोठा बघायला संध्याकाळी आलो तर चालेल ना?'

हिंदू असून आपण 'येशूजन्माचा आनंद' लिहावं का, अशी एक शंका मनात होती. ती मी आधीच ताईंना बोलून दाखवली होती. त्या म्हणाल्या, "गणपतीत तुझ्या घरी येते तेव्हा मी बाप्पाचं नाव घेतेच की!" संध्याकाळ निवडली, कारण २४ ची रात्र चर्चमध्ये जाते आणि दुसरा दिवस नातेवाइकांच्या ये-जा करण्यात. आणि त्या वर्षी त्यांच्या घरी कुणी गेलं असतं, तर आनंदाची ओळ गाळून 'तुमची आठवण आहे, भेटायला येतो' एवढंच लिहिलं असतं.

पडवीत गोठा मांडला होता. मातीचा डोंगर, पेंढ्याचं छप्पर, आणि कुरण म्हणून नाचणी पेरून उगवलेली बोटभर हिरवळ. गव्हाणीतला बाळ येशू आदल्या रात्रीच ठेवला होता. तोवर ती रिकामीच असते, असं धाकट्याने मला समजावून सांगितलं. मग ताटली आली. केकमध्ये अंडं आहे का, हे मी सरळ विचारलं. "आहे, तू करंज्या घे," आईंनी सांगितलं. निघताना ताईंनी हातात एक डबा दिला. दिवाळीत आमच्याकडून चिवडा घालून गेलेला तोच स्टीलचा डबा, आता करंज्यांनी भरलेला.