रस्ता कुणाचा? (भाग 7) : पांदणीतून डांबरीवर येताना

दिवाळीनंतर कापूस निघाला की अकोट-चोहोट्टा रस्त्याला दोन्ही बाजूंनी ट्रॅक्टर येऊन मिळू लागतात. कुणी पांदणीतून, कुणी जिनिंगच्या फाटकातून. मागच्या आठवड्यात ओव्हरटेकबद्दल बोललो, आज या मिळण्याबद्दल. थांबायचं कुणी?

फाटकातून, पेट्रोल पंपावरून, शेतातून किंवा घराच्या अंगणातून येणाऱ्याने थांबायचं. यात वाद नाही. रस्त्यावर आधीपासून चालू असलेल्या वाहनाचा हक्क पहिला, आणि वाटेत पायी चालणारा असेल तर त्याचाही. वाहन मोठं आहे किंवा हॉर्न आधी वाजवला, यानं हा हक्क बदलत नाही.

सरकारी जोडरस्ता असेल तर मात्र बारकावा आहे. 2017 च्या मोटार वाहन चालन नियमावलीप्रमाणे मुख्य रस्ता ठरतो तो पाटीवरून. लाल अष्टकोनी ‘थांबा’ किंवा उलटा त्रिकोण असलेली ‘रस्ता द्या’ पाटी तुमच्या बाजूला असली, की थांबायचं तुम्हीच. पाटी, सिग्नल, पोलीस यांपैकी काहीच नसेल, तर आपल्या उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. म्हणजे जोडरस्त्यावरून बाहेर पडताना उजवीकडून येणारी गाडी तुमच्या आधी जाणार. डावीकडून येणाऱ्याच्या मात्र तुम्ही उजवीकडे असता, म्हणून कागदोपत्री त्यानं तुमच्यासाठी थांबायला हवं. तो थांबेल या भरवशावर पुढे जाऊ नका. ऐंशीच्या वेगानं येणाऱ्याला तुमची वाट दिसलेलीही नसते. म्हणूनच वर्दळीच्या प्रत्येक फाट्यावर पाटी हवी, आणि ती मागणं हे गावाचं काम आहे.

आता भरलेली ट्रॉली घ्या. ट्रॅक्टर आणि ट्रॉली मिळून लांबी साधारण नऊ मीटर. उजवीकडे वळायचं असेल तर आधी जवळची साडेतीन मीटरची लेन पूर्ण ओलांडावी लागते. थांबण्याची जागा धरली तर शेपूट मोकळं व्हायला चौदाएक मीटर चालावं लागतं. भरलेली ट्रॉली उभ्यानं निघून एवढं अंतर कापायला सात-आठ सेकंद घेते, आणि ‘निघू का?’ हे ठरवण्यात एखाद सेकंद जातो. ऐंशी किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला बावीस मीटर पुढे येते, म्हणजे तेवढ्या वेळात जवळपास दोनशे मीटर. तेव्हा उजवीकडे दोनशे मीटरच्या आत गाडी दिसत असेल तर निघायचं नाही. मोटरसायकल चार सेकंदांत पलीकडे जाते. सवय त्या चार सेकंदांची झालेली असते, आणि तोच अंदाज घेऊन माणूस ट्रॅक्टरवर बसतो. डावीकडे वळताना लेन ओलांडावी लागत नाही, पण मागून येणाऱ्याच्या पुढ्यात वीसच्या वेगानं चालणारी ट्रॉली येते, म्हणून उजवीकडचं अंतर तितकंच मोकळं हवं.

त्यात तूर डोक्याएवढी वाढलेली असते, धुऱ्यावर बाभूळ असते. चालक बोनेटच्या मागे बसलेला, म्हणून त्याला रस्ता दिसेपर्यंत ट्रॅक्टरचं तोंड डांबरीवर गेलेलं असतं. सोबतच्या गड्यानं उतरून दोन्हीकडे पाहून सांगणं हा चांगला उपाय आहे. पण त्यानं कडेला उभं राहावं, डांबरीवर येऊन गाड्या अडवू नयेत.

तरीही ट्रॅक्टर न थांबता वर का येतात, असं एका चालकाला विचारलं. तो म्हणाला, “थांबलो त मांगं सरकते ना भाऊ, भरेल ट्राली हाय.” मला त्याचं म्हणणं पटलं. डांबरी रस्ता भरावावर असतो आणि पांदण खाली काळ्या मातीत. शेवटच्या काही मीटरचा चढ भरलेल्या ट्रॉलीला पळत्या वेगानंच चढवावा लागतो, मग तोंडाशी थांबणार कसं? नियम पाळायचा म्हटलं तर चढाच्या वर, रस्त्याच्या कडेच्या बाहेर, ट्रॅक्टर-ट्रॉली पूर्ण मावेल इतकी सपाट जागा लागते. मुरूम टाकून दाबलेली दहा-बारा मीटर लांबीची जागा असली तर ट्रॅक्टर तिथं उभा राहतो, मागं सरकत नाही आणि चालकाला दोन्हीकडे पाहता येतं. पावसाळ्यात चाकांचा चिखलही तिथंच गळतो, नाहीतर तो डांबरीवर पसरून मोटरसायकली घसरतात.

मुख्य रस्त्यावरच्या चालकालाही मोकळीक नाही. फाट्याजवळ वेग कमी करण्याचं बंधन त्याच्यावर आहे. ऐंशीच्या वेगात गाडी पाहून, ब्रेक दाबून थांबायला रस्ते अभियंते 120 मीटर धरतात, आणि संध्याकाळी रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली तेवढ्या अंतरावरून दिसतही नाही. अपघात झालाच, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोघांची चूक तपासतं आणि ज्याची जेवढी चूक तेवढी भरपाई कापतं. न पाहता बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याला मोठा हिस्सा येऊ शकतो, जखमी तोच असला तरी.

पुढच्या भागात : गोल चौकात आधी कोण जातो?