लॅपटॉपला नवा पासवर्ड कळलेलाच नसतो

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत काम करणारी बाई महिनाभर चिपळूणला आईकडे राहून काम करते आहे. पासवर्डची मुदत संपत आल्याची मेल आली, म्हणून तिने कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन तो बदलला. मोबाइलवर मेल नव्या पासवर्डने लगेच सुरू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लॅपटॉपने तो नाकारला. पासवर्ड चुकीचा आहे किंवा डोमेन उपलब्ध नाही, अशा अर्थाचा संदेश आला. वैतागून तिने जुना टाकला, तर लॅपटॉप उघडला! आता बदल झाला की नाही, हेच तिला कळेना.

बदल झालेला असतो. तो लॅपटॉपपर्यंत पोचलेला नसतो, एवढंच.

कंपनीच्या विंडोज लॅपटॉपवर आपण नाव आणि पासवर्ड टाकतो, तेव्हा तो खरा की खोटा हे ठरवण्याचं काम डोमेन कंट्रोलर नावाच्या सर्व्हरचं असतं. हा सर्व्हर ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर असतो. घरच्या वायफायवरून सगळं इंटरनेट दिसतं, पण तो दिसत नाही. मग घरी लॅपटॉप उघडायचाच नाही का? यावर तोड म्हणून, ऑफिसच्या नेटवर्कवर लॉगिन यशस्वी झालं की विंडोज त्या पासवर्डपासून गणिताने काढलेली एक खूण डिस्कवर जपून ठेवतं. खुद्द पासवर्ड ठेवला जात नाही आणि त्या खुणेवरून तो उलटा काढता येत नाही. सर्व्हर सापडला नाही की टाइप केलेल्या पासवर्डची खूण काढून ती साठवलेल्या खुणेशी ताडली जाते. चिपळूणच्या लॅपटॉपमध्ये खूण जुन्या पासवर्डची आहे, म्हणून तो जुन्यालाच ओळखतो.

या साठवणुकीची मूळ मर्यादा 10 असते. त्याचा अर्थ दहा वेळा लॉगिन करता येतं असा अनेकांचा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. हा आकडा त्या लॅपटॉपवर लॉगिन केलेल्या वेगवेगळ्या माणसांचा आहे. एकाच माणसाची खूण कितीही वेळा चालते आणि ती दिवसांनी कालबाह्यही होत नाही. त्यामुळे आपोआप सुटेल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही.

उपाय क्रमाने करावा लागतो. आधी जुन्या पासवर्डने लॅपटॉप उघडायचा. मग कंपनीचं व्हीपीएन जोडायचं, आणि इथे पासवर्ड नवा द्यायचा, कारण व्हीपीएनची तपासणी सर्व्हरकडे होते. आता ऑफिसचं नेटवर्क घरात आलं. कधी कधी याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज स्वतःच सांगतं, की लॅपटॉप लॉक करून सर्वांत अलीकडच्या पासवर्डने उघडा. सूचना आली नाही तरी तेच करायचं: विंडोजचं बटण आणि एल एकत्र दाबून लॉक, आणि उघडताना नवा पासवर्ड. तो साठवलेल्या खुणेशी जुळत नाही, म्हणून विंडोज सर्व्हरला विचारतं, सर्व्हर होकार देतो आणि जुन्या खुणेच्या जागी नवी बसते. इथे जुनाच पासवर्ड टाकला तर लॅपटॉप तरीही उघडू शकतो, पण बदलत काहीच नाही. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

झालं की नाही हे पाहायला कमांड प्रॉम्प्टमध्ये एवढंच टाइप करावं:

```
klist
```

यादीत `krbtgt` ने सुरू होणारं तिकीट दिसलं आणि त्याची सुरुवातीची वेळ लॉक उघडल्यानंतरची असली, तर सर्व्हरने ओळख पटवली आहे. यादी रिकामी असेल, तर लॅपटॉप अजून स्वतःच्या साठवणीवरच चालला आहे. काही व्हीपीएन लॉक करताच तुटतात, तेव्हा असं होतं; मग आयटी विभागाची मदत घ्यावी.

जुना पासवर्डच विसरला असेल तर घरातून मार्ग अरुंद होतो. लॉगिनच्या पडद्यावरच व्हीपीएन जोडण्याची सोय कंपनीने करून ठेवली असेल तर ती वापरावी. नाहीतर आयटीच्या माणसाने लॅपटॉपवरच्या स्थानिक खात्याने आत जाऊन व्हीपीएन जोडून द्यावं लागतं, किंवा लॅपटॉप ऑफिसात न्यावा लागतो. पुढच्या वेळी व्हीपीएन जोडलेलं असतानाच कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून तिथून पासवर्ड बदलला, तर सर्व्हर आणि लॅपटॉप दोघांनाही तो एकदमच कळतो.

याची दुसरी बाजू आयटी विभागांनी जास्त गांभीर्याने घ्यायला हवी, असं मला वाटतं. पासवर्ड फुटला म्हणून तो बदलला, किंवा नोकरी सोडलेल्याचं खातं बंद केलं, तरी बाहेर असलेला लॅपटॉप जुन्या पासवर्डने उघडतच राहतो. मेल आणि सर्व्हरवरच्या फायली त्याला मिळणार नाहीत, पण डिस्कवर असलेलं सगळं वाचता येतं. अशा वेळी पासवर्ड बदलून थांबू नये. लॅपटॉप ताब्यात घ्यावा, किंवा तशी सोय असेल तर तो दुरून पुसावा.