साडेआठ खरे, पण कुठल्या गावचे?

पुण्यातल्या एका कंपनीची दर मंगळवारी तीन शहरांत मिळून मीटिंग असते, असे धरू. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा, लंडनमध्ये दुपारचे तीन आणि पुण्यात रात्रीचे साडेआठ. हिवाळाभर सगळे सुरळीत चालते. घोळ होतो तो मार्चमध्ये.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे जातात, ब्रिटनमध्ये मात्र शेवटच्या रविवारी. आपली घड्याळे जागची हलतच नाहीत. २०२६ सालचे पाहा. ८ मार्चपासून न्यूयॉर्कचे दहा म्हणजे लंडनचे दोन आणि पुण्याचे साडेसात. २९ मार्चला लंडनही पुढे सरकले, की तिथे पुन्हा तीन वाजतात. पुण्यात साडेसातच राहतात. मधल्या तीन आठवड्यांत कोणी ना कोणी तासभर उशिरा उगवतो आणि वर म्हणतो, ‘माझ्या डोक्यात साडेआठच होते!’

कॅलेंडरमध्ये दर आठवड्याची मीटिंग टाकली, की ती एका टाइम झोनला बांधली जाते. आपण वेगळे काही निवडले नाही, तर बहुधा निमंत्रण पाठवणाऱ्याच्याच. पुण्याहून साडेआठची मीटिंग टाकली, तर ८ मार्चनंतर पुण्यात साडेआठच राहतील, पण न्यूयॉर्कवाल्यांना ती अकराला दिसेल, आणि अकराला त्यांची दुसरी मीटिंग असू शकते. तिन्ही शहरांची वेळ वर्षभर स्थिर ठेवणे शक्यच नाही. म्हणून मीटिंग कुठल्या शहराच्या घड्याळाने चालणार, हे आधीच ठरवावे आणि निमंत्रण तयार करताना वेळेशेजारी तोच टाइम झोन निवडावा. ज्यांना वेळ हलवणे सर्वांत अवघड, त्यांचे शहर धरावे, असे माझे मत. दर वेळी साहेबांचेच शहर कशाला?

दुसरी मेख आद्याक्षरांची. मेलमध्ये नुसते ‘८.३० IST’ लिहिले, तर आयर्लंड आणि इस्रायलमधले लोकही ती वेळ आपलीच समजू शकतात. त्यांच्याकडेही हीच अक्षरे चालतात. EST ही न्यूयॉर्कची हिवाळ्यातली वेळ, पण जुलैतही लोक सवयीने तेच लिहितात. अक्षरशः हिशेब करणारा मग तासाने चुकतो. त्यापेक्षा शहरे लिहावीत:

‘मंगळवार, १० मार्च २०२६: न्यूयॉर्क सकाळी १०, लंडन दुपारी २, पुणे संध्याकाळी ७.३०.’

सिडनीतले कोणी असेल, तर त्याच्यापुढे वारही लिहावा, कारण तिथे तेव्हा बुधवार उजाडून रात्रीचा एक वाजलेला असतो. (त्या बिचाऱ्याला खरे तर बोलावूच नये, मीटिंगचे टिपण पाठवावे.)

ऑक्टोबरअखेरीस हाच खेळ उलटा होतो. लंडनची घड्याळे २५ ऑक्टोबरला मागे येतील आणि न्यूयॉर्कची १ नोव्हेंबरला. त्या मधल्या मंगळवारची, २७ तारखेची, वेळ शहरांच्या नावांनिशी आठवडाभर आधी सगळ्यांना कळवून ठेवा.