८७ टक्क्यांच्या मागचा हिशेब

जुना आयफोन घेणारं गिऱ्हाईक हल्ली काचेवरचे ओरखडे पाहण्याआधी सेटिंगमध्ये शिरून बॅटरी हेल्थ पाहतं. ८७ टक्के दिसले तर भाव टिकतो, ७९ दिसले की घासाघीस सुरू. ज्या आकड्यावर एवढं ठरतं, तो थेट मोजलेला नसतो. तो अंदाज असतो, आणि अंदाज कसा बांधला जातो हे कळलं की त्यावर किती विसंबायचं तेही कळतं.

बॅटरीत किती चार्ज येतो-जातो याची नोंद एक छोटी चिप ठेवते. तिला फ्युएल गेज म्हणतात. करंटच्या वाटेत काही मिलिओहमचा बारीक रेझिस्टर असतो. त्याच्या दोन टोकांमधल्या व्होल्टेजवरून चिपला करंट कळतो आणि ती त्याची बेरीज करत राहते. पण ये-जा कळली म्हणून एकूण साठा कळत नाही. त्यासाठी ती दुसरी खूण वापरते. फोन बराच वेळ निवांत पडून राहिला की बॅटरीचं व्होल्टेज स्थिरावतं, आणि किती व्होल्टेजला बॅटरी किती भरलेली असते याचा तक्ता चिपजवळ असतो.

समजा, नवी असताना बॅटरीची क्षमता ३००० एमएएच होती. सकाळी निवांत व्होल्टेजवरून ती ९० टक्के भरलेली दिसली, रात्री ३० टक्के. मधल्या वेळात १६२० एमएएच चार्ज बाहेर गेला. ६० टक्क्यांत १६२०, म्हणजे पूर्ण क्षमता २७००. मूळच्या ३००० शी तुलना केली की पडद्यावर ९० टक्के येतात.

आता तक्त्यावरून वाचताना दोन टक्क्यांची चूक झाली असं धरा. फरक ६० ऐवजी ६२ वाटला तर हेल्थ ८७ निघते, ५८ वाटला तर ९३. इथवर ठीक. पण फोन वारंवार थोडाथोडा चार्ज करून कोणी तो ६० ते ४५ च्या दरम्यानच वापरत असेल, तर १५ टक्क्यांत ४०५ एमएएच खर्च होतील आणि तेवढ्याच चुकीने उत्तर ७९ पासून थेट १०४ पर्यंत कुठेही जाऊ शकेल. त्यात बॅटरी अर्धवट भरलेली असताना व्होल्टेज फार हळू बदलतं, म्हणजे चूक व्हायची शक्यता नेमकी तिथेच जास्त. म्हणून सॉफ्टवेअर एका वाचनावर विश्वास ठेवत नाही, बऱ्याच वाचनांवरून आकडा हळूहळू सरकवतं. महिनोन् महिने ९१ वर अडकलेला आकडा आठवड्याभरात ८८ होतो, तेव्हा बॅटरी त्याच आठवड्यात खचलेली असते असं नाही. २०२१ मध्ये आयओएस १४.५ ने आयफोन ११ मालिकेतल्या फोनची हेल्थ नव्याने जुळवून घेण्याची सोय दिली, ती काही फोनमध्ये हा अंदाज चुकत होता म्हणूनच. त्या जुळवणीलाही काही आठवडे लागत.

सायकल काउंट त्या मानाने सरळ आहे. आज ७५ टक्के खर्च झाले, उद्या २५, की एक सायकल. कितीदा चार्जरला लावलं याच्याशी तिचा संबंध नाही. अ‍ॅपलच्या म्हणण्यानुसार आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी आदर्श परिस्थितीत ५०० सायकलींनंतर ८० टक्के क्षमता राखते, आयफोन १५ पासून १००० सायकलींनंतर. यातले ‘आदर्श परिस्थितीत’ हे शब्द वाचायचे राहून जातात. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तापलेला, किंवा सतत १०० टक्क्यांवर ठेवलेला फोन कमी सायकलींतही झिजतो, आणि ती झीज काउंटमध्ये दिसत नाही.

आणखी एक गोष्ट या दोन्ही आकड्यांत नीट दिसत नाही: बॅटरीचा अंतर्गत रोध. वयाबरोबर तो वाढतो. मग कॅमेरा उघडताच एकदम जास्त करंट लागला की व्होल्टेज कोसळतं आणि २० टक्के दिसत असतानाच फोन बंद पडतो. थंडीत हे जास्त होतं. अशा वेळी हेल्थ ८४ आहे म्हणून बॅटरी चांगली, असं म्हणणं चूक ठरेल. माझ्या मते रोजच्या वापरात याचाच त्रास सर्वांत जास्त होतो. आयफोनमध्ये याची दखल टक्क्यांपासून वेगळी, कमाल कार्यक्षमतेविषयीच्या संदेशात मिळते.

जुना फोन घेताना म्हणूनच आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. बॅटरीच्या चिपमधली नोंद बदलणारी उपकरणं दुरुस्तीच्या बाजारात मिळतात, त्यामुळे झिजलेल्या बॅटरीवरही १०० टक्के दाखवता येतात. आयफोन १५ पासून हेल्थ, सायकली, उत्पादनाचा महिना आणि पहिल्या वापराचा महिना हे सगळं सेटिंगमध्येच दिसतं. दोन वर्षं वापरलेल्या फोनवर १०० टक्के आणि १२ सायकली दिसल्या, तर बॅटरी बदलली का ते विचारावं आणि सुट्या भागांच्या नोंदीत ती अस्सल दाखवली आहे का ते पाहावं. त्यानंतर दुकानातच, चार्ज ३० टक्क्यांच्या खाली असताना, ब्राइटनेस पूर्ण वाढवून दहा मिनिटं व्हिडिओ रेकॉर्ड करावा. त्या वेळात टक्के एकदम घसरले किंवा फोन बंद पडला, तर हेल्थचा आकडा काहीही असो, बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मगच व्यवहार करावा.