दोन घटकांचं साधूपण

चातुर्मासातल्या एखाद्या सकाळी पुणे, अहिल्यानगर किंवा जळगावच्या जैन स्थानकात डोकावलं, तर पांढऱ्या कपड्यांतली माणसं आपापल्या आसनावर बसलेली दिसतात. पुरुषांच्या अंगावर साधं धोतर आणि उपरणं असतं, तोंडावर पांढऱ्या कापडाची पट्टी बांधलेली असते. कुणाच्या हातात माळ असते, कुणाच्या मांडीवर पोथी, तर कुणी डोळे मिटून बसलेलं असतं. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, ही मंडळी ध्यानाला बसली आहेत. पण या बैठकीत ध्यान हा एक पर्याय आहे. वाचन, पाठांतर, जप किंवा प्रवचन ऐकणंही चालतं. या माणसांनी खरं तर एक व्रत घेतलेलं असतं, ते ४८ मिनिटांचं असतं आणि त्याच्या अटी ठरलेल्या असतात. त्याचं नाव सामायिक. गृहस्थाच्या, म्हणजे श्रावकाच्या, बारा व्रतांत श्वेतांबर परंपरा त्याला नववं स्थान देते.

तयारीची प्रत्येक वस्तू जीवहिंसा टाळण्यासाठी असते. बसण्याआधी पुंजणीने, म्हणजे लोकरीच्या मऊ कुंचल्याने, जागा हलकेच झाडून घ्यायची. किडामुंगी असेल तर ती न दुखावता बाजूला व्हावी, हा हेतू. मग आसन अंथरायचं. बोलताना तोंडातल्या गरम वाफेने हवेतल्या सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून मुहपत्ती लावायची. स्थानकवासी लोक ती आठ पदरी करून दोऱ्याने कानांवर बांधतात. मंदिरमार्गी श्वेतांबर ती हातात ठेवतात आणि बोलताना तोंडापुढे धरतात.

यानंतर पाठांचा क्रम सुरू होतो. स्थानकवासी पद्धतीत आधी नवकार मंत्र, मग गुरूंना तीन वेळा वंदन. त्यानंतरचा ‘इरियावहिया’ हा पाठ मोठा लक्षवेधी आहे. येता-जाताना पायाखाली आलेल्या जीवांची त्यात माफी मागितली जाते, आणि यादी अगदी बारकाईने दिलेली असते: बिया, हिरवं गवत, दव, मुंग्यांची वारुळं, ओली माती, कोळ्याची जाळी, आणि एका इंद्रियापासून पाच इंद्रियांपर्यंतचे सारे जीव. व्रताची प्रतिज्ञा करण्यापूर्वी त्या जागेपर्यंत चालत येण्याचाही हिशेब असा चुकता केला जातो.

मग कायोत्सर्ग, म्हणजे शरीराची हालचाल सोडून स्थिर राहणं. त्याआधीच्या पाठात सवलती आधीच मागून ठेवलेल्या असतात. श्वास, खोकला, शिंक, जांभई, ढेकर, चक्कर, डोळ्यांची सूक्ष्म हालचाल यांमुळे कायोत्सर्ग मोडला असं मानायचं नाही. आपल्या ताब्यात नसलेल्या गोष्टींची प्रतिज्ञा जैन आचार करवून घेत नाही. पुढे ‘लोगस्स’ या पाठात चोवीस तीर्थंकरांचं स्तवन होतं, आणि मग येतो ‘करेमि भंते’. हीच सामायिकाची प्रतिज्ञा. तिच्यानंतर डावा गुडघा उभा आणि उजवा जमिनीला टेकवून, हात जोडून ‘नमोत्थुणं’ म्हणतात. तो संपला की पुढचा वेळ स्वाध्यायाचा.

प्रतिज्ञा चारदोन ओळींचीच आहे, पण तिचे शब्द कायद्याच्या कलमासारखे मोजूनमापून घेतलेले आहेत. सावद्य, म्हणजे पापाचा अंश असलेली, कामं मी मनाने, वाणीने आणि शरीराने करणार नाही, आणि दुसऱ्याकडून करवणारही नाही, असं श्रावक म्हणतो. दोन प्रकार आणि तीन साधनं मिळून सहा बंधनं होतात. यांनाच सहा कोटी म्हणतात. साधू दीक्षा घेताना जवळजवळ हेच सूत्र म्हणतो, पण त्यात दोन बदल असतात. तो ‘दुसरा करत असेल तर त्याला संमती देणार नाही’ हे तिसरं कलम जोडतो, आणि नियमाच्या मुदतीऐवजी जन्मभराची मुदत घेतो.

संमतीचं कलम गृहस्थाला का नाही, हे एका उदाहरणाने पाहू. समजा, कापडाचा एक व्यापारी सकाळी साडेसहाला घरीच सामायिकाला बसला. पावणेसातला पाऊस आला आणि गच्चीवर धुणं वाळत होतं. तो उठून ते आणणार नाही, कारण पावसाच्या पाण्याला स्पर्श होतो आणि पाण्यातही जीव मानलेला आहे. ‘अगं, कपडे काढ’ असं बायकोला सांगणारही नाही, कारण ते करवणं झालं. हाताने केलेली खूणही करवण्यातच येते. पंखा लावणं, दिव्याचं बटण दाबणं, फोन उचलणं हेही वर्ज्य. तेवढ्यात मुलगा दुकान उघडायला निघाला. दुकान वडिलांचंच आहे, सकाळच्या विक्रीचा नफा त्यांच्याच वहीत जमा होणार आहे, आणि ते त्यांना ठाऊक आहे. अशा वेळी ‘माझी कशालाच संमती नाही’ असं म्हणणं खोटं ठरलं असतं. म्हणून परंपरेने ते त्याच्याकडून वदवलंच नाही.

या कलमावरून पंथभेदही झाला आहे. कच्छच्या स्थानकवासींत आठ कोटी नावाचा संप्रदाय आहे. गृहस्थाला मनातली संमती आवरता येणार नाही, पण वाणीने आणि शरीराने संमती न देणं त्याला जमू शकतं, असं ते मानतात. म्हणून ते सहात आणखी दोन बंधनं घालतात.

व्रत घेतलं म्हणजे मालकी सुटते का, हा प्रश्न फार जुना आहे. भगवतीसूत्राच्या आठव्या शतकात, म्हणजे आठव्या विभागात, गौतम तो महावीरांपुढे मांडतात. प्रश्न मुळात आजीवक या प्रतिस्पर्धी पंथाने उभा केलेला. एक श्रावक सामायिकात बसला असताना त्याचा माल कुणी चोरून नेला. सामायिक संपल्यावर तो शोधायला निघतो. आता तो स्वतःचा माल शोधतो की परक्याचा? व्रतात त्याने ‘सोनं माझं नाही, चांदी माझी नाही’ असं मनाशी धरलं होतं. मग व्रतात तो माल त्याचा उरला नव्हता, हे गौतमांच्या पुढच्या प्रश्नावर महावीर मान्य करतात. तरीही तो शोधतो तो स्वतःचाच माल, असा निर्वाळा ते देतात. त्याने वापर सोडला होता, ‘माझं’पण सोडलं नव्हतं. सामायिकाची मर्यादा याहून नेमकी सांगता येणार नाही.

मुदत ४८ मिनिटांची का? मूळ सूत्रात वेळ दिलेली नाही, नुसतं ‘माझा नियम असेल तोवर’ असं म्हटलं आहे. आचार्यांनी तो नियम एका मुहूर्ताचा ठरवला. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त मुहूर्तभर टिकवलेली समता अशीच या व्रताची व्याख्या केली. दिवसरात्रीचे तीस मुहूर्त, एका मुहूर्तात दोन घटका आणि घटका चोवीस मिनिटांची, हा हिशेब आपल्या पंचांगाचाच आहे. उत्तम संहननाच्या माणसाचं चित्तही एका विषयावर मुहूर्ताच्या आतच टिकू शकतं, असं तत्त्वार्थसूत्रातल्या ध्यानाच्या व्याख्येतही आहे.

दिगंबरांची रीत वेगळी आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या मराठी भाषक जैनांत तीच प्रचलित आहे. साधक पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून उभा राहतो. सत्तावीस श्वासांत नऊ वेळा णमोकार म्हणतो. मग चारही दिशांना वळून, प्रत्येक दिशेला जोडलेले हात तीनदा वर्तुळाकार फिरवतो आणि एकदा मस्तक लववतो. म्हणजे बारा आवर्त आणि चार नमस्कार. नंतर पद्मासनात बसून किंवा उभ्यानेच तो चिंतन करतो. समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अशा गृहस्थाला विलक्षण उपमा दिली आहे. नग्न मुनीच्या अंगावर कुणी जबरदस्तीने वस्त्र टाकावं, तसा हा दिसतो. वस्त्र अंगावर आहे, पण त्या वेळेपुरतं ते त्याचं नाही.

सामायिक बिघडतं कशाने, याची यादी बत्तीस दोषांची आहे: मनाचे दहा, वाणीचे दहा आणि शरीराचे बारा. शरीराचे दोष पटकन कळतात. भिंतीला टेकणं, पाय पसरणं, बोटं मोडणं, डुलकी घेणं, नजर भिरभिरणं. वाणीच्या दोषांत भांडण आणि थट्टा तर आहेतच, पण पाठ गुळमुळीत म्हणणं किंवा मधलं गाळून उरकणंही आहे. मनाचे दोष पकडायला अवघड असतात. लोकांनी धार्मिक म्हणावं म्हणून बसणं, फळाची अपेक्षा ठेवणं, ‘याने खरंच काही होतं का’ अशी शंका धरणं. वेळेचे दोषही सांगितलेले आहेत. किती वाजता बसलो हे विसरणं आणि मुदतीआधी उठणं. म्हणूनच अनेकांच्या आसनासमोर वाळूचं किंवा साधं घड्याळ दिसतं.

काही दोष मात्र बसण्याआधीच शिरलेले असतात. जैन घरांत सांगितली जाणारी पुणिया श्रावकाची कथा त्याबद्दल आहे. सूत काढून गुजराण करणाऱ्या या गरीब माणसाच्या सामायिकाचं मोल मगधच्या श्रेणिक राजालाही देता आलं नाही, अशी त्याची ख्याती. एक दिवस त्याचं मन काही केल्या लागेना. त्याने बायकोला विचारलं, आज घरात न मागता काही आलं आहे का? तिने आठवून सांगितलं, चुलीसाठी शेजारणीच्या गोवऱ्या न विचारता आणल्या. बैठकीतले बत्तीस दोष टाळूनही त्याचं सामायिक डळमळलं, ते या गोवऱ्यांमुळे.

मुदत संपली म्हणून नुसतं उठून चालत नाही. सामायिक पारावं लागतं. त्यासाठी वेगळा पाठ आहे. त्यात झालेल्या चुकांबद्दल ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणतात. मंदिरमार्गींच्या पाठात आणखी एक विचार येतो: सामायिकात असेपर्यंत श्रावक साधूसारखा असतो, म्हणून ते पुन्हा पुन्हा करावं. पाठ झाला की व्यापारी गच्चीवरचं भिजलेलं धुणं काढायला आणि दुकानाची वही बघायला मोकळा. साधूने घेतलेल्या सामायिकाला मात्र असा पारण्याचा पाठच नाही.