हिरवी रेषा लाल होते तेव्हा

शेअर बाजारात रोज उलाढाल करणाऱ्यांच्या चार्टवर ‘सुपरट्रेंड’ची रेषा हमखास दिसते. भावाखाली असली की हिरवी, वर गेली की लाल. हिरवी झाली की घ्या, लाल झाली की विका. एवढ्या सोप्या नियमात पैसे मात्र कुठे जातात, ते पाहू.

रेषेच्या मुळाशी सरासरी खरी हालचाल, म्हणजे एटीआर. वेल्स वाइल्डर यांनी १९७८च्या पुस्तकात ती मांडली. दिवसाच्या उच्चांक-नीचांकातल्या फरकाबरोबर कालच्या बंद भावापासूनची उडीही ती मोजते, त्यामुळे सकाळी भाव वर किंवा खाली उघडला तरी ते अंतर हिशेबात येते.

समजा, एका शेअरचा एटीआर ८ रुपये आहे आणि सोयीसाठी तो तसाच राहिला असे धरू. सोमवारी उच्चांक ५१२, नीचांक ५००, मध्य ५०६. गुणक ३ धरला, तर खालची रेषा ५०६ वजा २४, म्हणजे ४८२. मंगळवारी मध्य ५१४ झाला आणि रेषा ४९० वर चढली. बुधवारी घसरण होऊन मध्य ५०३ वर आला. गणिताने ४७९ येतात, पण रेषा ४९० वरच थांबते. तेजीत ती वर सरकते, मागे येत नाही. त्या दिवशी बंद भाव ४९६, म्हणजे हिरवीच.

आता गुणक २ घ्या. रेषा मंगळवारी ४९८ वर पोहोचलेली असते, त्यामुळे बुधवारी ४९६ ला बंद होताच लाल. तुम्ही विकता. लाल रेषा आता ५१९ वर बसते, कारण वरची पट्टी मध्याच्या १६ रुपये वर असते. गुरुवारपासून भाव पुन्हा चढला आणि ५२० ला बंद झाला, तर पुन्हा हिरवी. ४९६ ला विकलेला शेअर ५२० ला परत घ्यायचा! २४ रुपये गेले, दलाली आणि कर वेगळे. आडव्या बाजारात हे वारंवार घडते.

मग गुणक ३ च चांगला? फसव्या पलट्या कमी होतात, पण खरी मंदी आली की ४९० खाली बंद होईपर्यंत वाट पाहावी लागते. एटीआरचा कालावधी सहसा १० असतो. जुन्या आकड्यांवर २.७ ला भरघोस नफा आणि २.५ किंवा ३ ला तोटा दिसत असेल, तर तो योगायोग समजावा. शेजारच्या आकड्यांवरही निकाल साधारण तसाच हवा.

फसवी पलटी टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कँडल पूर्ण होऊ देणे. दुपारी लाल दिसलेली रेषा साडेतीनला हिरवी असू शकते. दुसरा उपाय: पंधरा मिनिटांच्या चार्टवरची पलटी दिवसाच्या रेषेशी जुळली तरच घ्यायची. यात काही चांगल्या चाली हुकतात, आणि मोठी रेषा स्वतः पलटते तेव्हा हा पहारा उशिरा जागा होतो.